घरोघरच्या कर्जाचा तक्ता पाठवण्याआधी

फॉर्म, पेन, छत्री घ्याच. पीककर्ज, बचत गटाचं आणि सावकाराचं कर्ज वेगळं विचारा, पण बेरीज एकाच एककात ठेवा. ज्या घरावर कर्जच नाही ते धरायचं की नाही, हे गावात शिरण्याआधी ठरवा.

आता मुख्य गोष्ट, मागच्या तक्त्यात हीच राहिली होती: ± च्या पुढचा आकडा एसडी आहे की एसई, ते लिहा. तक्त्याच्या खाली लिहा, मजकुरातही लिहा. एसडी म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन; ती सांगते की घराघरात किती फरक आहे. एसई म्हणजे स्टँडर्ड एरर; ती सांगते की आपण काढलेली सरासरी किती डळमळीत आहे. चौपट घरं घेतली की एसई साधारण निम्मी होते. घरांमधला फरक मात्र तेवढाच राहतो. एसई छोटी दिसते म्हणून तीच टाकण्याचा मोह होतो. गावातला फरक दाखवायचा असेल तर टाकू नका.

समजा, यवतमाळकडच्या एका गावात खरिपाआधी ११ घरांचं कर्ज, हजार रुपयांत, असं निघालं: १०, १५, २०, २५, ३०, ४०, ५०, ६०, ८०, १५०, ४००. सरासरी ८०, एसडी ११३, एसई ३४. नुसतं ‘८० ± ३४’ छापलं तर वाचणाऱ्याला वाटेल, बहुतेक घरं ४६ ते ११४ च्या आत आहेत. मोजून पाहा, आत तीनच घरं येतात. तो तक्ता ग्रामसभेत वाचला तर कोणीतरी विचारणारच, "एवढं कर्ज आहे कोणावर बाप्पा?" आणि विचारणारा बरोबर असेल.

पण एसडी लिहूनही भागत नाही. ८० मधून ११३ वजा केले तर उणे ३३ येतात, आणि उणे कर्ज नसतं. वजा केल्यावर असा अशक्य आकडा आला की समजा, माहिती एका बाजूला कललेली आहे. इथे ४०० वाल्या एका घराने सरासरी ओढून नेली आहे. अशा वेळी मध्यक द्या, म्हणजे ओळीतलं सहावं घर: ४०. सोबत दोन्ही चतुर्थकं द्या, म्हणजे ओळीतली खालची पाव आणि वरची पाव घरं जिथे तुटतात ते आकडे. ४०० चे ८०० झाले तरी यातलं काही हलत नाही, सरासरी मात्र ११६ वर जाते. ते मोठं घर गाळू नका, त्याचं कर्ज खरं आहे; सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त आकडा शेजारी लिहा. एक्सेलमध्ये हे ११ आकडे B2 ते B12 मध्ये असतील तर:

```
=MEDIAN(B2:B12)
=QUARTILE.INC(B2:B12,1)
=QUARTILE.INC(B2:B12,3)
```

यातून मध्यक ४० आणि चतुर्थकं २२.५ आणि ७० येतात. `QUARTILE.EXC` वापरलं तर २० आणि ८०. दोन्ही रीती चालतात, पण सगळ्या गावांना एकच वापरा.

एसई सरासरीच्या अंदाजासाठीच, आणि घरं चिठ्ठ्या टाकून निवडली असतील तरच. फक्त सडकेकाठची घेतली असतील तर तिचा उपयोग नाही.

मग घरांची संख्या, एकक, तारीख. आणि पाठवण्याआधी पुन्हा एकदा: ± दिसलं तिथे एसडी की एसई, लिहिलंय का ते बघा.