चित्रालेख आणि स्तंभालेखाच्या छोट्या चाचणीची पूर्वतयारी

सात-आठ वर्षांच्या मुलांसाठी आलेखवाचनाची चाचणी करायची असेल, तर बहुतेक शिक्षक आधी प्रश्न लिहितात आणि मग त्यांना साजेसा आलेख काढतात. माझ्या मते हा क्रम उलटा करावा. पहिल्यांदा मुले कोणत्या चुका करतात ते एका कागदावर लिहावे, मग प्रत्येक चुकीतून वेगळे उत्तर यावे अशा संख्या निवडाव्यात आणि प्रश्नांची वाक्ये शेवटी लिहावीत. असे केल्याने चुकीचे उत्तरसुद्धा मुलाने आलेख कसा वाचला ते सांगते. त्यासाठी पर्यायी उत्तरे न देता रिकामी चौकट द्यावी, कारण पर्याय दिसले की मूल अंदाजाने खूण करते आणि चुकीचा माग हरवतो.

चाचणीत सहा प्रश्न पुरेत, तीन चित्रालेखावर आणि तीन स्तंभालेखावर. एकूण बेरीज विचारण्याचा मोह टाळावा, कारण चार संख्यांच्या बेरजेत चुकलेले मूल आलेख वाचण्यात चुकले की बेरजेत, हे उत्तरावरून ओळखता येत नाही.

चित्रालेखाची तयारी प्रमाण ठरवण्यापासून सुरू होते. अर्धे चित्र वापरायचे असेल तर प्रमाण सम संख्येचेच घ्यावे. एक चित्र म्हणजे ५ मुले असे ठरवले, तर अर्ध्या चित्राची अडीच मुले होतात. आपण १ चित्र = २ मुले हे प्रमाण घेऊ आणि विषय ‘आवडते प्राणी’ ठेवू. ओळींमध्ये प्राण्यांची चित्रे काढू नयेत, कारण हत्ती मोठा आणि मासा छोटा काढला की लांब दिसणारी ओळ मुलांना जास्त वाटते. सर्व ओळींत एकाच मापाचा हसरा गोल चेहरा असावा आणि तो एकाखाली एक नेमका जुळलेला असावा. गोल चेहरा उभा कापला तरी अर्धा म्हणून ओळखू येतो, ही त्याची आणखी एक सोय.

आता संख्या. सशाच्या ओळीत ५ चेहरे, हत्तीच्या ओळीत अडीच, माशाच्या ओळीत ३ आणि पोपटाच्या ओळीत ४ चेहरे ठेवू. म्हणजे मुले अनुक्रमे १०, ५, ६ आणि ८. पहिला प्रश्न मासा किती मुलांना आवडतो, हा. याचे उत्तर ६ आहे, आणि ३ लिहिणाऱ्या मुलाने प्रमाण न पाहता नुसते चेहरे मोजले, हे उघड होते. दुसरा प्रश्न हत्तीचा, आणि संपूर्ण चाचणीतला सर्वांत बोलका. बरोबर उत्तर ५. ज्याने ६ लिहिले त्याने अर्धा चेहरा पूर्ण धरला, ज्याने ४ लिहिले त्याने तो सोडून दिला, ज्याने ३ लिहिले त्याने प्रमाण विसरून अर्ध्यालाही एक मोजले आणि ज्याने २ लिहिले त्याने प्रमाण आणि अर्धा चेहरा दोन्ही सोडले. ‘अडीच’ लिहिणाऱ्या मुलाला अर्धा कळला आहे, प्रमाण तेवढे राहिले आहे.

तिसरा प्रश्न तुलनेचा, आणि इथे मराठी वाक्यरचनेकडे विशेष लक्ष द्यावे लागते. ‘ससा माशापेक्षा किती मुलांना जास्त आवडतो?’ असे विचारले की अनेक मुलांच्या कानात ‘ससा किती मुलांना आवडतो’ एवढेच राहते आणि ती १० लिहून मोकळी होतात. त्याऐवजी ‘ससा आवडणारी मुले मासा आवडणाऱ्या मुलांपेक्षा किती जास्त आहेत?’ असे लिहावे. वाक्य लांब होते, पण कशाची कशाशी तुलना आहे ते त्यात स्पष्ट असते. उत्तर ४; प्रमाण विसरल्यास २, फक्त मोठी संख्या वाचल्यास १०, आणि ‘जास्त’ म्हणजे बेरीज असे समजल्यास १६ येतात.

तुलनेसाठी कोणत्या ओळी निवडतो यालाही महत्त्व आहे. समजा एका ओळीत ४ आणि दुसरीत २ चेहरे असते. खरा फरक ८ वजा ४, म्हणजे ४. पण प्रमाण न पाहता मोठ्या ओळीतले चेहरे मोजून उत्तर देणारे मूलही ४ च लिहिते, आणि दोन चुका करूनही पूर्ण गुण मिळवते. प्रमाण २ असताना एक ओळ दुसरीच्या बरोबर दुप्पट असली की हे घडते, म्हणून तुलनेत अशी जोडी घेऊ नये.

स्तंभालेखासाठी खेळण्यांचे खोके घेऊ: चेंडू ८, गाड्या ११, बाहुल्या ६, ठोकळे १०. उभ्या अक्षावर शून्यापासून दोन-दोनच्या अंतराने १२ पर्यंत आडव्या रेषा असाव्यात आणि प्रत्येक संख्या नेमकी रेषेसमोर छापावी. ती दोन रेषांमधल्या जागेत सरकली, तर मुले रकाना वाचतात आणि दोष मात्र त्यांच्या माथी येतो. स्तंभांची रुंदी आणि त्यांमधले अंतर सारखे ठेवावे. रंगांवरून प्रश्न विचारू नये, कारण छायाप्रतीत सगळे रंग करडे होतात. त्याच छायाप्रतीत फिक्या रेषाही नाहीशा होतात, म्हणून मूळ कागद नव्हे तर प्रत हातात घेऊन तपासणी करावी.

चौथा प्रश्न चेंडू किती, हा. बरोबर उत्तर ८, चौकोन मोजणाऱ्याचे ४, आणि शून्याच्या रेषेलाच एक म्हणून रेषा मोजत जाणाऱ्याचे ५. याच कारणाने २ उंचीचा स्तंभ या चाचणीत नको, कारण तळापासून रेषा मोजणारे मूलही तिथे ‘एक, दोन’ म्हणून बरोबर उत्तरावर पोहोचते. पाचवा प्रश्न गाड्यांचा, कारण त्या स्तंभाचे टोक दोन रेषांच्या मध्ये येते. १० किंवा १२ लिहिणारे मूल जवळची रेषा वाचते; ‘साडेदहा’ लिहिणाऱ्याला मधली जागा दिसली आहे, पण दोन रेषांमध्ये दोनाचे अंतर आहे हे ध्यानात आलेले नाही.

गणितशिक्षणाच्या अभ्यासक फ्रान्सिस कर्सिओ यांनी १९८७ मध्ये आलेखवाचनाच्या तीन पातळ्या मांडल्या: आलेखात दिसते ते वाचणे, दिसणाऱ्या गोष्टींमधला संबंध वाचणे आणि आलेखाच्या पलीकडे जाणे. सहावा प्रश्न तिसऱ्या पातळीकडे एक पाऊल टाकणारा असावा: खोक्यात आणखी २ बाहुल्या ठेवल्या, तर बाहुल्यांचा स्तंभ कोणत्या खेळण्याच्या स्तंभाएवढा होईल? उत्तर चेंडू. जो दोन चौकोन वर जातो तो ठोकळे लिहितो, आणि यासाठीच ठोकळे १० ठेवले आहेत.

चाचणी देण्याआधी दोन-तीन मुलांसोबत ती करून पाहावी. त्यांना मोठ्याने बोलत सोडवायला सांगावे आणि आपण मध्ये बोलू नये. यादीत नसलेली चूक हमखास सापडते, आणि ती नेमकी बरोबर उत्तरावर पोहोचत असेल तर संख्या बदलावी. वाचनात अडखळणाऱ्यांसाठी प्रश्न मोठ्याने वाचून दाखवावेत. मात्र ‘प्रमाण बघा’ असे चुकूनही म्हणू नये, कारण पहिले तीन प्रश्न तेच तपासतात.

तपासताना गुणांच्या तक्त्याऐवजी उत्तरांचा तक्ता भरावा: नावासमोर मुलाने लिहिलेली संख्या जशीच्या तशी. हत्तीच्या रकान्यात ६ पुन्हा पुन्हा दिसले, तर पुढच्या तासाला अर्ध्या चित्रावर काम करावे. माशाच्या रकान्यात ३ आणि चेंडूच्या रकान्यात ४ एकाच मुलाचे असतील, तर त्याला दोन्ही आलेखांत प्रमाणच हवे आहे. त्यानंतरच्या चाचणीत १ चित्र = १० मुले असे प्रमाण घ्यावे, म्हणजे अर्ध्याचे ५ होतात आणि मागची उत्तरे आठवून लिहिता येत नाहीत.