पीएच ६.० चा बफर: वडोदऱ्यातील पहिल्या नोकरीत केलेली एक चूक

एम.एस्सी. झाल्यावर मी वडोदऱ्यात मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका प्रयोगशाळेत रुजू झाले, तेव्हा बफर तयार करणे हे मला नवख्या माणसाकडे सोपवायचे किरकोळ काम वाटत होते. वजन करायचे, विरघळवायचे, मीटरवर आकडा आला की बाटलीवर चिठ्ठी लावायची, एवढीच माझी समजूत होती. पहिल्या महिन्यातच ती चुकीची ठरली.

एका एन्झाइमच्या क्रियाशीलतेची चाचणी पीएच ६.० ला करायची होती. नमुने ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात साठवलेले होते आणि प्रत्येक नमुन्याचे २ मिलिलिटर ९८ मिलिलिटर बफरमध्ये मिसळायचे होते. मी हाताशी असलेल्या सोडियम फॉस्फेट क्षारांपासून २० मिलिमोलर बफर केला, मीटरवर नेमके ६.०० आणले आणि निश्चिंत झाले. दिवसभर सगळ्या नमुन्यांची क्रियाशीलता जवळजवळ शून्य येत राहिली. एन्झाइम मेले असावे, असे मी सांगायला गेले, तेव्हा आमच्या मॅडमनी एकच प्रश्न विचारला, "नमुना घातल्यावरचा पीएच पाहिलास का गं?" मी पाहिला नव्हता. पाहिला तेव्हा तो ४.२ च्या आसपास होता.

हे का घडले, ते कागदावर पाच मिनिटांत कळते. फॉस्फेटच्या ज्या जोडीवर आपण या पट्ट्यात अवलंबून असतो, तिचा पीकेए पुस्तकात ७.२ दिलेला असतो. पण तो अतिविरल द्रावणाचा आकडा असून २० मिलिमोलर द्रावणात तो साधारण ७.० धरावा लागतो. आता नेहमीचे समीकरण घेऊ:

```
pH = pKa + log([A-]/[HA])
```

पीएच ६.० आणि पीकेए ७.० असेल, तर आम्लारीचे आम्लाशी प्रमाण १:१० येते. म्हणजे माझ्या २० मिलिमोलरपैकी आम्ल शोषून घेणारा भाग जेमतेम १.८ मिलिमोलर होता. नमुन्याबरोबर मी प्रत्येक वेळी २ मिलिमोलर आम्ल आत ओतत होते. साठा १.८ आणि मागणी २, त्यामुळे पहिल्याच नमुन्यात साठा संपला आणि पीएच कोसळला. मीटरवरचे ६.०० खरे होते. त्या आकड्यामागे साठा किती आहे, ते मात्र मीटर सांगत नाही.

या साठ्यालाच आपण बफरक्षमता म्हणतो. काटेकोर व्याख्या अशी, की एक लिटर बफरचा पीएच किंचित बदलण्यासाठी लागणाऱ्या तीव्र आम्लाच्या किंवा आम्लारीच्या मोलांना त्या बदलाने भागले की बफरक्षमता मिळते. ती एकूण संहतीच्या सरळ प्रमाणात वाढते, म्हणून संहती दुप्पट केली की क्षमताही दुप्पट होते. पीकेएचा परिणाम मात्र सरळ रेषेत नसतो. पीएच आणि पीकेए सारखे असताना क्षमता सर्वाधिक असते, कारण तेव्हा दोन्ही रूपे निम्मी-निम्मी असतात. दोघांत एक एककाचे अंतर पडले, की ती जवळजवळ एक तृतीयांशावर येते. पीकेएच्या अलीकडे-पलीकडे एक एकक ही पाठ्यपुस्तकातली मर्यादा म्हणजे बफर कसाबसा तग धरतो ती हद्द आहे, असे समजावे.

मॅडमनी मला दोन पर्याय मोजून पाहायला लावले. पहिला पर्याय म्हणजे फॉस्फेट ठेवून संहती ५० मिलिमोलर करणे. तसे केल्यास तेच आम्ल घातल्यावर पीएच सुमारे ५.८ वर थांबतो. दुसरा पर्याय म्हणजे संहती २० मिलिमोलरच ठेवून पदार्थ बदलणे. एमईएस या बफरचा पीकेए ६.१ आहे, त्यामुळे पीएच ६.० ला आम्लारी रूप जवळपास ८.९ मिलिमोलर मिळते आणि पीएच इथेही ५.८ वरच थांबतो. चुकीच्या पीकेएची भरपाई अडीचपट संहतीने करावी लागते, हे त्या दिवशी आकड्यांतून पटले. शेवटी आम्ही एमईएस ५० मिलिमोलर घेतला, तेव्हा नमुना घातल्यावरचा पीएच ५.९३ आला. संहती आणखी वाढवता आली असती, पण क्षारांचे जास्त प्रमाण एन्झाइमला मानवत नसे, म्हणून तिथेच थांबलो.

आता प्रत्यक्ष कृती सांगते. एक लिटरसाठी एमईएस मोनोहायड्रेट, रेणुभार २१३.२५, म्हणून १०.६६ ग्रॅम घ्यावे. बाटलीवरचा रेणुभार वाचूनच गणित करावे, कारण निर्जल रूपाचा आकडा १९५.२ असतो आणि सोडियम क्षाराची बाटलीही शेजारीच ठेवलेली असते. सुमारे ८०० मिलिलिटर शुद्ध पाण्यात विरघळवून चुंबकीय ढवळणीवर ठेवावे. मीटर ४.०० आणि ७.०० च्या प्रमाण द्रावणांनी त्याच दिवशी जुळवलेला असावा, म्हणजे आपला ६.० त्या दोघांच्या मध्ये येतो. मग १ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड ब्युरेटने घालावे. हिशेबाने सुमारे २२ मिलिलिटर लागायला हवे, आणि हा आकडा वहीत आधी लिहून ठेवणे ही माझ्या मते या कामातली सर्वांत उपयुक्त सवय आहे. ३० मिलिलिटर लागले, तर वजन जास्त झाले आहे किंवा हायड्रॉक्साइड हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून कमजोर झाले आहे. हायड्रॉक्साइड घालण्याआधीच पीएच ६.० च्या वर दिसला, तर बहुधा क्षाराची बाटली उचलली गेली आहे. ५.८ च्या पुढे थेंबाथेंबाने जावे आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबावे. चुकून पुढे गेलात, तर आम्ल घालून मागे येऊ नका. त्याने पीएच येतो, पण जादा क्षारही येतो आणि प्रत्येक घाण्यातले क्षारांचे प्रमाण वेगळे होते. शेवटी मोजफ्लास्कमध्ये एक लिटर करून पीएच पुन्हा पाहावा.

वडोदऱ्याच्या उन्हाळ्यातला एक धडा वेगळा सांगायला हवा. मे महिन्यात दुपारी वीज गेली, वातानुकूलन बंद पडले आणि मी ३८ अंशांवर बफर जुळवला. एमईएसचा पीकेए दर अंशाला साधारण ०.०११ ने उतरतो, त्यामुळे तोच बफर दुसऱ्या दिवशी २५ अंशांवर ६.१४ निघाला. मीटरवर तापमान-भरपाई चालू होती, असे मी ठासून सांगितले. पण ती भरपाई इलेक्ट्रोडच्या प्रतिसादाची असते, बफरच्या स्वतःच्या पीकेएची नव्हे. ट्रिस वापरणाऱ्यांनी तर जास्तच सावध असावे, त्याचा उतार दर अंशाला ०.०२८ आहे. ज्या तापमानाला चाचणी करायची, त्याच तापमानाला बफर जुळवावा.

तेव्हापासून मी नव्या बफरच्या बाटलीवर चिठ्ठी लावण्याआधी ९८ मिलिलिटर बफर चंचुपात्रात काढते, त्यात नमुना ज्या द्रावणात आहे ते नुसते द्रावण २ मिलिलिटर घालते आणि पीएच पाहते. चिठ्ठीवर पदार्थ, संहती, तापमान आणि तारीख यांच्या खाली हा दुसरा आकडाही लिहिते. आमच्या फ्रिजमधल्या बाटल्यांवर आता दोन-दोन पीएच दिसतात, आणि नवीन रुजू झालेली मुले पहिल्या आठवड्यात त्याविषयीच विचारतात.