बायकोच्या नावावर एफडी, कर मात्र नवऱ्याला: क्लबिंगमधल्या या चुका टाळा

लक्ष्मीपुरीतल्या माझ्या ऑफिसात ऑगस्ट 2025 मध्ये एक जोडपं आलं. दादा शिरोली एमआयडीसीत एका कारखान्यात मॅनेजर, करपात्र उत्पन्न 18 लाखांच्या घरात. वहिनी घरीच असतात, त्यांना दुसरं काही उत्पन्न नाही. हातात बँकेचं टीडीएस सर्टिफिकेट होतं.

"बँकेनं 8,988 रुपये कापलेत. हिचं रिटर्न भरून तेवढे परत मिळवून द्या की."

काम पाच मिनिटांचं वाटत होतं. मी सवयीनं विचारलं, "एफडीचे पैसे कुणाचे?"

"माझेच. एप्रिल 2023 मध्ये 12 लाख हिच्या खात्यावर टाकले. नवऱ्यानं बायकोला दिलेल्या गिफ्टवर कर नसतो, माहिताय मला."

पहिली चूक इथंच आहे. नवऱ्यानं बायकोला 12 लाख दिले तर ते घेतले म्हणून बायकोला कर लागत नाही, हे अगदी बरोबर. पण कायदा दोन वेगळे प्रश्न विचारतो. गिफ्टवर कर आहे का? नाही. त्या गिफ्टमधून पुढं जे उत्पन्न होतं ते कुणाचं? त्या वेळी लागू असलेल्या 1961 च्या आयकर कायद्याच्या कलम 64 प्रमाणे ते देणाऱ्याचं. योग्य मोबदला न घेता जोडीदाराला मालमत्ता दिली, तर तिच्यातून येणारं उत्पन्न देणाऱ्याच्या उत्पन्नात मिळवायचं. यालाच क्लबिंग म्हणतात. बायकोनं नवऱ्याला दिलं तरी नियम तोच.

दादांची एफडी 7 टक्क्यांची, म्हणजे वर्षाला 84,000 रुपये व्याज. 2023-24 चं ते सगळं व्याज वहिनींनी खर्च न करता एप्रिल 2024 मध्ये दुसऱ्या एफडीत ठेवलं. त्यामुळं 2024-25 मध्ये मूळ एफडीचे 84,000 आणि नव्या एफडीचे 5,880, असे मिळून 89,880 रुपये व्याज झालं. त्यावर 10 टक्क्यांनी 8,988 रुपये कापले गेले.

आता यातलं दादांचं किती? मूळ 12 लाखांचे 84,000. ते दरवर्षी दादांनाच दाखवावे लागणार, एफडी मोडून म्युच्युअल फंड घेतला तरी त्या 12 लाखांतून आलेलं उत्पन्न त्यांच्याच पदरात. पण 5,880 रुपये वहिनींचे. कारण दादांनी 12 लाख दिले होते, व्याज दिलं नव्हतं. व्याजावरचं व्याज क्लब होत नाही. ही सवलत कायद्यातच आहे, पण बहुतेकजण ती स्वतःच्या हातानं घालवतात, आणि ती अशी: व्याज मूळ एफडीतच मिसळत राहतं, मध्येच नवरा आणखी दोन लाख टाकतो, मग पाच वर्षांनी कुठला रुपया कुणाचा हे सांगता येत नाही. म्हणून गिफ्टची एफडी वेगळी, तिच्या व्याजाचं सेव्हिंग खातं वेगळं आणि त्या व्याजाची गुंतवणूक तिसरीकडं. एवढं केलं की बँक स्टेटमेंटच हिशेब सांगतं.

मग मी विचारलं, "2023-24 मध्ये टीडीएस का नाही कापला?"

वहिनी म्हणाल्या, "तेव्हा बँकेतल्या साहेबांनी एक फॉर्म दिला होता, मी सही केली."

तो फॉर्म 15जी. त्यात खाली बारीक अक्षरात सही करणारा लिहून देतो, की हे उत्पन्न कलम 60 ते 64 प्रमाणे दुसऱ्या कुणाच्या उत्पन्नात धरायचं नाही. वहिनींच्या बाबतीत ते धरायचंच होतं, म्हणजे सही खोट्या कथनावर झाली. बँकेच्या काउंटरवर हे वाचणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. नवऱ्याच्या पैशातल्या एफडीवर असा फॉर्म देऊ नका, टीडीएस कापला गेला तर जाऊ दे.

दादांचं म्हणणं, "पण व्याज हिच्या पॅनवर दिसतं, माझ्या नावावर काही येत नाही. कोण बघतंय?" वर्षात 10 लाख किंवा जास्तीची मुदत ठेव ठेवली की बँक ती आयकर खात्याला कळवते. वहिनींना उत्पन्न नाही आणि ठेव 12 लाखांची, म्हणजे पहिला प्रश्न पैसे आले कुठून. त्याचं खरं उत्तर "नवऱ्यानं दिले" हेच, आणि ते दिलं की क्लबिंग कबूल केल्यासारखंच.

2024-25 चं रिटर्न आम्ही असं बसवलं. दादांनी आयटीआर-1 न भरता आयटीआर-2 भरला. त्यात `Schedule SPI` नावाचं पान असतं, तिथं वहिनींचं नाव, पॅन, नातं आणि 84,000 रुपये लिहिले. इथं बरेच अडखळतात. हे पान भरलं तरी रक्कम `Schedule OS` मध्ये, म्हणजे इतर उत्पन्नातही दाखवावी लागते, नाहीतर माहिती दिली पण कर भरला नाही असं होतं. वहिनींनीही आयटीआर-2 भरला. त्यात 5,880 रुपये उत्पन्न दाखवलं, 588 रुपये टीडीएस स्वतःसाठी मागितला आणि उरलेल्या 8,400 चं क्रेडिट टीडीएसच्या तक्त्यात दादांच्या पॅनवर वळवलं. हे आयकर नियम 37बीए चं काम. पुढच्या वर्षासाठी वहिनींनी बँकेला लेखी कळवलं, की या एफडीचा टीडीएस दादांच्या पॅनवर दाखवा.

84,000 वर दादांच्या 30 टक्के स्लॅबमध्ये सेससकट 26,208 रुपये कर. आणि 2023-24 चे 84,000 तर सुटलेच होते. त्यासाठी अपडेटेड रिटर्न भरलं. तेवढाच 26,208 कर, त्यावर व्याज, आणि या दोन्हींच्या बेरजेवर आणखी 25 टक्के. दादा बराच वेळ कॅल्क्युलेटरकडं बघत बसले.

मग नेहमीचा उपाय पुढं आला. "मी भावाच्या बायकोला देतो, भाऊ माझ्या बायकोला देईल." चालत नाही. अशा अदलाबदलीचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयानं कोठारी खटल्यात 1963 मध्येच निकाली काढलंय: आडमार्गानं दिलं तरी देणं तेच. सासऱ्यांनी सुनेला दिलेलंही सासऱ्यांच्या उत्पन्नात धरलं जातं. याउलट वहिनींच्या वडिलांनी त्यांना दिलेल्या पैशाचं व्याज वहिनींचंच. आणि लग्न ठरल्यावर पण लग्नाच्या आधी दिलेलं असेल तर देताना नवरा-बायको हे नातंच नव्हतं, त्यामुळं क्लबिंग नाही.

खरं कर्ज मात्र चालतं. दादांनी वहिनींना 12 लाख बाजारभावाच्या व्याजानं उसने दिले, करार केला, व्याज दरवर्षी खात्यातून खात्यात आलं, तर वहिनींचा नफा वहिनींचा. पण ते व्याज दादांच्या उत्पन्नात येतं, म्हणून 7 टक्क्यांच्या एफडीसाठी हा खटाटोप करण्यात अर्थ नाही.

लहान मुलांबद्दल थोडक्यात. 18 पूर्ण होईपर्यंत मुलाच्या नावावरचं व्याज आई-वडिलांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त त्याच्यात मिळवायचं, पैसे आजोबांनी दिलेले असले तरी. जुन्या करप्रणालीत प्रत्येक मुलामागं 1,500 रुपयांची सूट मिळते, नव्या प्रणालीत ती नाही. कोल्हापुरात यातला एक प्रश्न दरवर्षी येतो, तालमीतल्या पोराचा. 16 वर्षांच्या पैलवानानं मैदान मारून इनाम मिळवलं, तर ते त्याच्या कसबाचं उत्पन्न, ते क्लब होत नाही, त्याच्याच पॅनवर रिटर्न. पण वडिलांनी तेच इनाम त्याच्या नावानं एफडीत ठेवलं, की त्याचं व्याज वडिलांच्या किंवा आईच्या रिटर्नमध्ये. "कुस्ती पोरानं मारली आणि व्याज माझ्यात?" असं एका वस्तादांनी मला विचारलं होतं. हो, तुमच्यातच, पोरगा अठराचा होईपर्यंत.