कथकळीचा चेहरा वाचताना या चुका टाळा

केरळला फिरायला गेलेली मराठी मंडळी कोचीत कथकळीचा एखादा प्रयोग हमखास बघतात. पर्यटकांसाठीच्या अनेक प्रयोगांत खेळ सुरू होण्याआधी रंगकामही बघू देतात. तिथे बहुतेकांच्या कानावर एक सोपं सूत्र पडतं: हिरवा म्हणजे चांगला, लाल म्हणजे वाईट, काळा म्हणजे राक्षस. हे सूत्र घेऊन प्रेक्षागृहात बसलात, तर पहिल्याच प्रसंगात रावणाला राम समजाल.

हिरवा दिसला की नायक ठरवून टाकणं

सगळ्यात जास्त फसगत इथेच होते, कारण कथकळीत रावणाचा चेहराही हिरवाच असतो. दुर्योधन, कीचक, नरकासुर यांचाही. नल, अर्जुन, भीम, युधिष्ठिर, कृष्ण हे सरळ हिरवे. त्या वेषाला ‘पच्चा’ म्हणतात. रावण-दुर्योधनांचा वेष ‘कत्ती’. दोन्हींचा पाया एकच, मनयोला या पिवळ्या खनिजात निळा रंग मिसळून केलेला हिरवा. दोन्हींच्या जबड्याला पांढऱ्या कागदाची कड असते, तिला ‘चुट्टी’ म्हणतात. ती बसवताना नट जमिनीवर उताणा झोपतो आणि चुट्टीचा कारागीर त्याच्या डोक्याशी बसून तांदळाच्या पिठीच्या लगद्याने ती चेहऱ्यावर उभी करतो.

म्हणून नजर गालावर थांबवू नका, नाकाकडे न्या. कत्तीच्या नाकाच्या दोन्ही बाजूंना लाल पट्टे असतात. ते गालांवर मिशीसारखे वर वळलेले असतात आणि त्यांना पांढरी किनार असते. भुवयांच्या वरही लाल रंग असतो. शिवाय नाकाच्या शेंड्यावर आणि कपाळावर एकेक पांढरा गोळा चिकटवलेला असतो. त्याला ‘चुट्टिप्पू’ म्हणतात. पच्चाच्या नाकावर असा गोळा कधीच नसतो. मागच्या रांगेत बसून मिशीची किनार दिसली नाही, तरी दिव्याच्या उजेडात नाकावरचा पांढरा ठिपका दिसतोच.

तोही दिसला नाही, तर कान उघडे ठेवा. कथकळीत बोलणं गायकाच्या तोंडी असतं आणि पच्चा पात्र तोंडातून आवाज काढत नाही. कत्ती मात्र घशातून आरोळी ठोकतो, पडद्याआड असतानाही. बहुधा तो थेट प्रवेशही करत नाही. पडदा दोन्ही हातांनी धरून, हळूहळू खाली ओढत, आधी चेहरा दाखवतो.

रावणाला हिरवा का दिला, हे कळलं की पुढचं सगळं सोपं जातं. तो पुलस्त्याचा नातू, राजा, शिवभक्त. त्याच्यात थोरवी आहे, ती हिरव्याने सांगितली जाते. त्या थोरवीत गर्व मिसळला आहे, तो लाल पट्ट्यांनी. रंग पात्राची बाजू सांगत नाही, पिंड सांगतो. म्हणूनच कौरवांच्या बाजूने लढणारा कर्ण पच्चा असतो आणि त्याचा जिवलग मित्र दुर्योधन कत्ती.

लाल दाढीला खलनायक समजणं

‘बालिविजयम्’ हे आट्टक्कथा, म्हणजे कथकळीचं नाट्यकाव्य, या चुकीसाठी बघण्यासारखं आहे. सुरुवातीच्या मोठ्या भागात रंगमंचावर दोघेच असतात: रावण आणि नारद. रावण कत्ती. नारद ‘मिनुक्कु’, म्हणजे फिक्कट पिवळसर-तांबूस चेहरा, चुट्टी नाही, नाकावर गोळा नाही. स्त्रिया, ऋषी, ब्राह्मण यांना हाच साधा रंग मिळतो. नारद रावणाची स्तुती करतो आणि हळूच सांगतो की, तो वाली तेवढा तुला जुमानत नाही. मग चंद्रहास खड्गाचा विषय निघतो. ते शिवाकडून कसं मिळालं हे सांगताना रावण कैलास उचलल्याचा प्रसंग साकारतो, आणि कत्ती करणाऱ्या नटाचा खरा कस तिथे लागतो. एका वानराला पकडायला खड्ग कशाला, असं म्हणून नारद त्याला ते मागे ठेवायला लावतो.

त्यानंतर वाली दिसतो. कपाळाकडे लाल, खाली काळा चेहरा, गालांवर पांढऱ्या कागदांची ताठ झालर, नाकावर मोठा गोळा, लालभडक दाढी. ही ‘चुवन्न ताडी’. नवखा प्रेक्षक इथे राक्षस आला असं धरून चालतो. पण वाली आपल्या नित्यकर्मात आहे, रावण त्याच्यावर मागून चालून येतो, वाली त्याला शेपटीत अडकवतो आणि शेवटी सोडून मित्रही करतो.

आता चेहरे आणि कृती जुळवून बघा. डाव रचला तो सौम्य रंगाच्या नारदाने. गर्वात फसला तो हिरव्या चेहऱ्याचा रावण. आणि लाल दाढीचा वाली या सगळ्यात कुणाच्या वाटेला गेलेलाच नाही. मग लाल दाढी सांगते काय? आवरता न येणारं बळ आणि उग्र स्वभाव. ते बळ दुःशासनाकडे असतं, बकासुराकडे असतं आणि रामाचा सखा सुग्रीवाकडेही असतं. ते कुठे वापरलं जातंय, हे कथेतूनच कळणार.

दाढीचा रंग चेहऱ्याच्या रंगापेक्षा जास्त बोलतो, हेही लक्षात ठेवा. हनुमानाच्या चेहऱ्यावर काळा आणि लाल दोन्ही भरपूर असतात. त्याला ओळखायचं ते पांढऱ्या दाढीवरून आणि डोक्यावरच्या रुंद कडेच्या गोल टोपीवरून.

रूप आणि व्यक्ती यांत गल्लत

‘किरातम्’मध्ये तपाला बसलेला अर्जुन पच्चा असतो आणि त्याच्याशी भांडायला काळ्या दाढीचा, काळ्या चेहऱ्याचा शिकारी येतो. तो साक्षात शंकर आहे. रंग त्याने घेतलेल्या रूपाला दिला आहे, कारण अर्जुनाला तेच रूप दिसतंय. हाच शंकर स्वतःच्या रूपात आला तर तांबूस-पिवळ्या ‘पळुप्पु’ वेषात येतो.

उलटंही होतं. राक्षसीण तिच्या खऱ्या रूपात ‘करी’ वेषात असते: काळाकुट्ट चेहरा, त्यावर लाल-पांढरी नक्षी, डोक्यावर उंच मुकुट. ‘पूतनामोक्षम्’मधली पूतना मात्र सुंदर स्त्री होऊन गोकुळात येते, म्हणून तिला मिनुक्कु. तेव्हा मिनुक्कु चेहरा बघून निर्धास्त होऊ नका. ‘किर्मीरवधम्’मध्ये सिंहिका करी असते आणि तिने घेतलेलं सुंदर रूप बहुधा दुसराच नट करतो. कथा माहीत नसेल, तर ही दोन निराळी पात्रं वाटतात.

लाल डोळ्यांवरून राग ठरवणं

डोळ्यांचा लाल रंग हा कोणत्याही वेषाचा भाग नाही. एका रानवांग्याच्या जातीच्या झाडाच्या फुलापासून चोळून तयार केलेला कण पापणीखाली ठेवतात, त्याने डोळ्यांचा पांढरा भाग लाल होतो. शांत युधिष्ठिराचेही डोळे असेच लाल असतात. रंगवलेल्या चेहऱ्यावर बुबुळांची हालचाल दुरून दिसावी, एवढ्यासाठीच ते करतात.

रंगावरून नाव ओळखायला जाणं

हे जमणार नाही. रंग प्रकार सांगतो, नाव नाही. नल, अर्जुन आणि भीम शेजारी उभे केले तर नुसत्या चेहऱ्यावरून कोण कोणता हे जाणकारालाही सांगता येणार नाही. एक मदत मुकुटाची होते. राजांच्या मुकुटामागे मोठी गोल चकती असते, तर कृष्ण, राम आणि लक्ष्मण निमुळता, वर मोरपिसांचा झुबका असलेला ‘मुडी’ घालतात. त्यामुळे हिरवा चेहरा आणि मुडी एकत्र दिसले की नावं थोडीच उरतात. बाकी वेळी पदाआधीच्या श्लोकाकडे लक्ष द्या. गायक पद सुरू करण्याआधी जो श्लोक म्हणतात, त्यात कोण, कुठे आणि कोणाशी बोलतोय हे येतं. श्लोकांत संस्कृत भरपूर असल्याने मराठी कानाला त्यातली नावं चटकन सापडतात.