कालानुक्रमाचा प्रश्न: सन आठवत नसेल तर क्रम कसा लावायचा

'सन पाठ नाही भो' म्हणत जळगाव-धुळ्याच्या अभ्यासिकांमधली पोरं कालानुक्रमाचा प्रश्न सोडून देतात आणि पुढे सरकतात. प्रश्नात चार घटना असतात, खाली चार क्रम दिलेले असतात. चारही सन आठवले तर प्रश्नच उरत नाही, पण परीक्षेत तसं क्वचितच होतं. बहुतेक वेळा तुम्हाला एवढंच ठरवायचं असतं की दिलेल्या क्रमांपैकी कोणते शक्यच नाहीत.

आपल्याच भागातला एक प्रश्न घेऊ. मी तो सरावासाठी रचला आहे, घाट मात्र परीक्षेतलाच आहे.

खालील घटना कालानुक्रमे लावा.
अ) साल्हेरची लढाई
ब) सुरतेची दुसरी लूट
क) पुरंदरचा तह
ड) वणी-दिंडोरीची लढाई

पर्याय:
1) ब-क-ड-अ
2) क-ब-ड-अ
3) ब-ड-क-अ
4) क-ड-अ-ब

पहिली पायरी: घटनांआधी पर्याय वाचा. घटना वाचल्या की मन लगेच सन शोधायला लागतं आणि तिथेच वेळ जातो. त्याऐवजी पर्यायांचं एकमेकांशी भांडण कुठे आहे ते बघा. इथे दोन पर्याय ब ने सुरू होतात आणि दोन क ने. म्हणजे ब आधी की क, एवढं कळलं की निम्मे पर्याय जातात. शेवटी बघा: तीन पर्यायांत अ शेवटी आहे, एकात ब. चारही पर्याय एकाच घटनेने संपत असते, तर त्या घटनेचा विचारच करायचा नव्हता.

दुसरी पायरी: जोडी धरा. आपली जोडी सुरतेची दुसरी लूट आणि पुरंदरचा तह. प्रश्नात 'दुसरी' हा शब्द उगाच आलेला नाही. पहिली लूट वेगळी, आणि ती तहाच्या आधीची. शायिस्ताखानाची फजिती झाली, पाठोपाठ सुरत लुटली गेली, म्हणून औरंगजेबाने मिर्झाराजे जयसिंगाला दख्खनेत पाठवलं आणि त्यातून पुरंदरचा तह झाला. तहानंतर आग्र्याची भेट, तिथून सुटका, काही काळ शांतता, मग तह मोडून गेलेले किल्ले परत घेण्याची धामधूम. सिंहगड याच काळात परत आला आणि त्याच वर्षी सुरत दुसऱ्यांदा लुटली. ही साखळी सन न आठवताही सांगता येते. म्हणजे क आधी, ब नंतर. पर्याय 1 आणि 3 बाद.

'दुसरी' वरून नजर घसरली, तर पहिली लूट डोळ्यांसमोर येते आणि ब नेमका तहाच्या आधी बसतो. पेपर काढणाऱ्याने 1 आणि 3 हे पर्याय त्याच नजरेसाठी ठेवले आहेत.

तिसरी पायरी: उरलेल्या दोघांमधलं भांडण शोधा. उरले 2 आणि 4. दोन्हींत क पहिला आहे, तो विषय संपला. फरक ब च्या जागेत आहे: एकात ड च्या आधी, दुसऱ्यात सगळ्यांच्या शेवटी. मग ब आणि ड चा संबंध आठवा. सुरतेहून लूट घेऊन महाराज बागलाणातून परतत होते, मोगलांच्या दाऊदखानाने वाट अडवली आणि वणी-दिंडोरीजवळ लढाई झाली. लुटीवरून परतताना झालेली लढाई लुटीच्या आधी होऊ शकत नाही. पर्याय 4 बाद, उत्तर 2.

साल्हेरचा सन आपल्याला लागलाच नाही. पडताळणीसाठी सन बघा: पुरंदर 1665, सुरत आणि दिंडोरी दोन्ही ऑक्टोबर 1670, साल्हेर 1672. सुरत-दिंडोरीचं वर्ष एकच आहे, नुसता सन पाठ असलेला विद्यार्थी इथेच अडकला असता. परतीची वाट आठवणारा अडकत नाही.

साल्हेरचीच घटना निर्णायक ठरली असती, तर दुसऱ्या प्रकारची खूण उपयोगी पडते: माणूस तेव्हा हयात होता का, आणि कोणत्या पदावर होता. साल्हेरला मोरोपंत पिंगळ्यांसोबत सरनोबत प्रतापराव गुजर होते. ते राज्याभिषेकाच्या काही महिने आधी नेसरीला पडले. म्हणून साल्हेर नेसरीच्या आधी आणि नेसरी राज्याभिषेकाच्या आधी. घटनेत सरनोबत म्हणून हंबीरराव मोहिते दिसले, की ती नेसरीनंतरची. मला ही खूण सगळ्यांत भरवशाची वाटते, कारण कार्यकारणाची साखळी आपण चुकीची रचू शकतो, पण मेलेला माणूस पुढच्या लढाईत उतरत नाही.

खुणा कुठे फसवतात, तेही बघून ठेवा.

एक फसगत शब्दाच्या नेमकेपणाची. फैजपूर अधिवेशनाचा प्रश्न खानदेशातल्या पोरांना सोपा वाटतो: ग्रामीण भागातलं काँग्रेसचं पहिलं अधिवेशन, अध्यक्ष पंडित नेहरू, डिसेंबर 1936. 'पहिलं' म्हटल्यावर हरिपुरा त्याच्यानंतर, हेही मिळालं. पण सोबत 1935 च्या कायद्याची घटना असेल तर ती कशी लिहिली आहे ते अक्षर न अक्षर वाचा. 'कायदा संमत झाला' असेल तर ती फैजपूरच्या आधी. 'प्रांतिक स्वायत्तता अंमलात आली' असेल तर नंतर, कारण तो भाग 1 एप्रिल 1937 पासून लागू झाला. एकाच कायद्याच्या दोन घटना, आणि मधे फैजपूर. 'स्थापना' आणि 'पहिलं अधिवेशन', 'वेढा पडला' आणि 'किल्ला पडला' या जोड्याही अशाच फसवतात.

दुसरी फसगत नावाच्या चिठ्ठीची. आपण घटनांवर '1857 चा उठाव', 'बेचाळीसची चळवळ' अशा चिठ्ठ्या लावतो आणि चिठ्ठीवरचा सन घटनेलाही चिकटवतो. खाजा नाईक आणि भिल्लांच्या उठावातली अंबापाणीची लढाई एप्रिल 1858 ची. ती इंग्रजांनी दिल्ली परत घेतल्यानंतरची, पण राणी लक्ष्मीबाईंच्या मृत्यूच्या आधीची. नंदुरबारला शिरीषकुमार हुतात्मा झाला तो सप्टेंबर 1942 मध्ये. धुळे जिल्ह्यातली चिमठाण्याची खजिना लूट मात्र एप्रिल 1944 ची. तिला 'बेचाळीस' समजून कुणी 1943 च्या घटनेआधी ठेवलं तर क्रम बिघडलाच. चळवळ लांबलेली असेल तर तिच्या नावातला सन सुरुवातीचा समजा, प्रत्येक घटनेचा नाही.

सरावासाठी पुस्तकातला कोणताही धडा घ्या आणि त्यातल्या घटनांच्या जोड्या लिहा. प्रत्येक जोडीपुढे 'आधी' ठरवण्याचं कारण एका ओळीत लिहा, सन लिहू नका. कारण सुचलं नाही, तर ती जोडी तुम्हाला येत नाही. तिचा सन तेवढा पाठ करा. अशा जोड्या थोड्याच निघतात.

एवढं करूनही दोन पर्याय उरले तर? चुकीला पाव गुण कापला जात असेल, तर दोघांतून एक निवडणं सरासरीने फायद्याचंच असतं. फक्त उरलेले दोन पर्याय खरोखर कारणाने उरले पाहिजेत. 'हा बरोबर वाटतो' म्हणून इतर खोडले असतील, तर हा हिशेब लागू होत नाही.