पैसे कापले, फॉर्म अडकला: हेल्पडेस्कला मेल असा लिहा

प्रवेश परीक्षेच्या नोंदणीत हमखास होणारा घोळ म्हणजे खात्यातून शुल्क जातं आणि पोर्टलवर मात्र ‘Payment Pending’ दिसत राहतं. अशा वेळी ‘साइट चालत नाही, मदत करा’ एवढंच लिहिलं, तर उलट मेल येतो: अर्ज क्रमांक कळवा. त्यात दोन दिवस जातात.

म्हणून अर्ज क्रमांक विषयातच टाका: ‘अर्ज क्र. … : शुल्क भरले, स्थिती Pending’. मेल नोंदणी केलेल्या पत्त्यावरूनच पाठवा. मजकूर इतका पुरे:

‘१२ जून रोजी सायंकाळी ६.४० वाजता यूपीआयने ८०० रुपये भरले. बँक संदर्भ क्रमांक … . १४ जूनपर्यंत स्थिती बदललेली नाही. अंतिम तारीख १८ जून आहे. कृपया शुल्काची नोंद तपासावी.’

यूपीआयचा हा १२ अंकी क्रमांक ॲपमधल्या व्यवहाराच्या तपशिलात मिळतो. खरा पुरावा तोच. बँकेचा नुसता एसएमएस पुरेलच असं नाही.

स्क्रीनशॉट दोन जोडा, एक पोर्टलचा आणि एक व्यवहाराचा. पोर्टलचा घेताना वरचा वेबपत्ता आणि तारीख-वेळ कापू नका. पोर्टलवर दिसणारा त्रुटीचा संदेश मेलमध्ये टाइपही करा, कारण चित्रातला मजकूर त्यांना शोधता येत नाही. खात्यातली शिल्लक झाका. ओटीपी, पासवर्ड कुणी मागितला तरी द्यायचा नाही.

आठवण करायची तर त्याच मेलला उत्तर द्या. नवा मेल म्हणजे बहुधा नवी तक्रार, आणि रांगेत पुन्हा शेवटी.