सार्वजनिक चार्जरवर चार्जिंग सुरू होत नाही? या चुका टाळा

सार्वजनिक चार्जरवर गाडी चार्ज झाली नाही की मशीन बिघडले असे मानून लोक पुढच्या स्टेशनकडे निघतात. पुष्कळदा मशीन ठीक असते. चार्जिंग सुरू होण्यासाठी प्लग आणि गाडी यांचे संकेत जुळावे लागतात, कार्डाला किंवा ॲपला नेटवर्कच्या सर्व्हरची परवानगी मिळावी लागते आणि गाडीनेही वीज मागावी लागते. यांपैकी काय अडले आहे ते बहुधा चार्जरच्या पडद्यावरच दिसते.

सर्वाधिक घोटाळा कार्डाबाबत होतो. आरएफआयडी कार्डात साधारणपणे पैसे नसतात. त्यात केवळ एक ओळख क्रमांक असतो. चार्जर तो क्रमांक सर्व्हरला कळवतो आणि सर्व्हर त्यामागचे खाते तपासतो. त्यामुळे कार्ड तत्काळ नाकारले गेले, तर ते खात्याला जोडलेले नसणे, खाते थांबवलेले असणे किंवा कार्ड देणाऱ्या कंपनीचा त्या नेटवर्कशी करार नसणे, अशी कारणे आधी तपासावीत. बराच वेळ वाट पाहून नकार आला, तर चार्जरचा सर्व्हरशी संपर्क तुटल्याची शक्यता अधिक असते.

कार्ड टेकवल्यावर काही सेकंद काहीच घडले नाही म्हणून तेच कार्ड पुन्हा टेकवणे ही तर अगदी नेहमीची चूक आहे. अनेक चार्जर त्याच कार्डाचा दुसरा स्पर्श म्हणजे चार्जिंग थांबवण्याची सूचना समजतात. डीसी चार्जर वीज सोडण्यापूर्वी केबलचे इन्सुलेशन तपासतो आणि आपला व्होल्टेज गाडीच्या बॅटरीशी जुळवून घेतो. एवढ्यातच कधी अर्धा मिनिट जातो. अधीर माणूस तेवढ्यात पुन्हा कार्ड टेकवतो, सत्र बंद पडते आणि दोष मशीनच्या माथी येतो. उलट कार्ड आधी टेकवून केबल शोधत बसल्यास परवानगीची मुदत संपते, म्हणून चार्जरवर वेगळी सूचना नसेल तर आधी केबलच्या टोकाची गन गाडीला लावावी आणि मग कार्ड टेकवावे.

ॲपचा मार्ग लांबचा आहे: आज्ञा फोनवरून सर्व्हरकडे आणि तेथून चार्जरकडे जाते. तळघरातील पार्किंगमध्ये फोनला रेंज नसेल तर ॲप निकामी ठरते, पण चार्जरची स्वतःची जोडणी चालू असल्यास कार्ड चालते. शिवाय अनेक ॲप सुरुवातीला काही रक्कम खात्यात रोखून ठेवतात. प्रयत्न फसला तरी ती लगेच मोकळी होईलच असे नाही, आणि प्रत्येक नव्या प्रयत्नाला नवी रक्कम अडकू शकते.

कार्ड मान्य झाले, पण पडद्यावर ‘गाडीची प्रतीक्षा’ अशा अर्थाचा संदेश तसाच राहिला, तर दोष गाडीच्या सेटिंगमध्ये शोधावा. घरी रात्रीच्या चार्जिंगसाठी लावलेला टायमर येथेही लागू होऊ शकतो. तो गाडीच्या बाजूने बंद करावा लागतो.

प्लगची निवड तुलनेने सोपी आहे. सीसीएस २ सॉकेटच्या वरच्या भागात टाइप २ ची एसी केबल बसते आणि खालच्या दोन जाड पिना डीसीसाठी असतात. मात्र केवळ टाइप २ सॉकेट असलेल्या गाडीत सीसीएस २ गन बसत नाही. चॅडेमो किंवा जीबी/टी यांची रचनाच वेगळी आहे, तेव्हा निघण्यापूर्वी ॲपमध्ये आपल्या सॉकेटचा प्रकार निवडून स्टेशने शोधावीत. डीसी केबल जड असते. तिच्या वजनाने गन किंचित तिरकी झाली तर लॉक पूर्ण बसत नाही. लॉक लागेपर्यंत तिला हाताने आधार द्यावा.

चार्जिंग सुरू होऊनही वेग निम्माच मिळाला, तर फेज तपासावेत. ११ किलोवॅटचा एसी चार्जर ही शक्ती तीन फेजमध्ये, प्रत्येकी १६ अँपिअर अशी देतो. गाडीतील चार्जर ७.४ किलोवॅटचा, पण एकाच फेजवर चालणारा असेल, तर त्याला २३० व्होल्टवर १६ अँपिअर, म्हणजे सुमारे ३.७ किलोवॅटच मिळतात. दोन तासांत १४-१५ युनिटची अपेक्षा धरलेल्या माणसाच्या पदरी जेमतेम सात युनिट पडतात. तीच गाडी २२ किलोवॅटच्या चार्जरवर ३२ अँपिअर घेऊन आपल्या पूर्ण वेगाने चार्ज होते.

शेवटी गन निघत नसेल तर ओढू नये. ज्या कार्डाने वा ॲपने सत्र सुरू केले त्यानेच ते थांबवावे, कारण दुसऱ्या कंपनीच्या ॲपला ते सत्र दिसतच नाही. त्यानंतर गाडी अनलॉक करावी. तरीही गन अडली, तर बऱ्याच गाड्यांत केबल हाताने सोडवण्याची सोय असते; तिची जागा गाडीच्या पुस्तिकेत दिलेली असते. चार्जरवरचे लाल बटण केवळ आणीबाणीसाठी आहे. ते दाबल्यास तो चार्जर कर्मचारी येईपर्यंत बंद राहू शकतो आणि गन मात्र अडकलेलीच राहते.